पगारवाढ एकच, उत्तरं तीन: मास्लो, हर्झबर्ग आणि व्रूम कसे ओळखायचे

प्रेरणेच्या सिद्धांतांवरच्या प्रश्नसंचात एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसातला चार ओळींचा प्रसंग, आणि खाली विचारलेलं असतं की हा प्रसंग कोणत्या सिद्धांताचं उदाहरण आहे. मास्लोच्या पाच पायऱ्या, हर्झबर्गच्या दोन याद्या आणि व्रूमचं सूत्र तोंडपाठ असलेली माणसंही इथे चुकतात. प्रसंगात पगार दिसला की कुणी 'हायजीन घटक' लिहून मोकळं होतं, कौतुक दिसलं की कुणी 'सन्मानाची गरज' लिहितं. खरी अडचण अशी की पगार, कौतुक, बढती, नोकरीची हमी या गोष्टी तिन्ही सिद्धांतांत कुठे ना कुठे बसतात. त्यामुळे प्रसंगात काय दिलं आहे एवढंच पाहून उत्तर सापडत नाही. त्या गोष्टीमुळे काय झालं, किंवा काय झालं नाही, हे प्रसंग कसं सांगतो ते पाहावं लागतं.

पगारवाढीचेच तीन प्रसंग घेऊ.

पहिल्यात नव्याने लागलेल्या एका कर्मचाऱ्याला पगारात घरभाडं आणि जेवणखाण कसंबसं भागवावं लागतं. पगार वाढतो, ती विवंचना संपते, आणि मग तो पहिल्यांदाच टीममधल्या लोकांत मिसळायला लागतो, ग्रुपमध्ये आपल्याला सामावून घेतात की नाही याचा विचार करायला लागतो.

दुसऱ्यात एका विभागात पगार कमी असल्याची सतत कुरकुर असते. कंपनी सगळ्यांचा पगार इतर कंपन्यांच्या बरोबरीला आणते. कुरकुर थांबते, पण कामाचा उत्साह होता तेवढाच राहतो.

तिसऱ्यात कंपनी जाहीर करते की वर्षभर उत्तम काम करणाऱ्याला मोठी पगारवाढ मिळेल. एक अनुभवी कर्मचारी मात्र जेवढ्यास तेवढं काम करतो, कारण काम कितीही चांगलं केलं तरी वाढ साहेबांच्या मर्जीतल्या माणसालाच मिळणार, याची त्याला खात्री आहे.

पहिला प्रसंग मास्लोचा, दुसरा हर्झबर्गचा, तिसरा व्रूमचा. पहिल्यात एक गरज भागली आणि दुसरी वर आली, म्हणजे क्रम आहे. दुसऱ्यात नाराजी गेली पण उत्साह आला नाही, म्हणजे दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. तिसऱ्यात माणूस मनात हिशेब करतो आहे: काम आणि बक्षीस यांचा एकमेकांशी खरंच संबंध आहे का?

मास्लो: आत्ता कशाची उणीव आहे?

अब्राहम मास्लोने ही कल्पना १९४३ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकातल्या लेखात मांडली. तो माणसाच्या प्रेरणेबद्दल सर्वसाधारणपणे बोलत होता, कंपन्यांसाठी लिहीत नव्हता. व्यवस्थापनाच्या वर्गात ती कल्पना नंतर आली. पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात: शारीरिक गरजा, सुरक्षितता, आपलेपणा, सन्मान आणि आत्मपूर्ती. प्रश्न दोन प्रकारांनी येतो. एकतर प्रसंग देऊन 'ही कोणती पायरी' असं विचारतात, नाहीतर पायऱ्यांमधल्या क्रमाबद्दल विचारतात.

पायरी ओळखताना कंपनीने काय दिलं यापेक्षा माणसाला काय कमी पडत होतं हे पाहावं. कंपनीने संध्याकाळचं जेवण ठेवलं. नवीन टीममधल्या एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना जवळ आणण्यासाठी ठेवलं असेल, तर ती आपलेपणाची गरज. वर्षातल्या सर्वोत्तम कर्मचाऱ्याचा सगळ्यांसमोर सत्कार करण्यासाठी ठेवलं असेल, तर सन्मानाची. जेवणाचा कार्यक्रम आहे म्हणून 'शारीरिक गरज' हा पर्याय निवडणं हा या प्रश्नातला ठरलेला सापळा आहे, आणि प्रश्न काढणारे तो पर्याय मुद्दाम पहिला ठेवतात असा माझा संशय आहे.

जास्त घोटाळा होतो तो वरच्या दोन पायऱ्यांत. सन्मान म्हणजे फक्त लोकांची वाहवा असं समजून पुष्कळजण अशी कसोटी लावतात: लोकांना दिसण्यासाठी केलं तर सन्मान, स्वतःसाठी केलं तर आत्मपूर्ती. ही कसोटी अपुरी आहे. मास्लोच्या सन्मानात दोन भाग आहेत. एक, इतरांकडून मिळणारी प्रतिष्ठा. दोन, स्वतःला स्वतःबद्दल वाटणारा आदर: मी सक्षम आहे, मला हे जमतं, मी माझ्या पायावर उभा आहे. तेव्हा एखादी कर्मचारी कुणालाही न सांगता अवघड प्रमाणपत्र परीक्षा देते, केवळ आपण कमी नाही हे स्वतःला पटवण्यासाठी, तर ती अजून सन्मानाच्याच पायरीवर आहे. आत्मपूर्तीच्या प्रसंगात ही शंका संपलेली असते. विभागप्रमुखपद चालून आलेलं असताना एखादा मुरलेला डिझायनर ते नाकारतो आणि ज्या कामात आपली सगळी क्षमता वापरली जाते तेच काम पुढे करत राहतो, तेव्हा त्याला काही सिद्ध करायचं नसतं. जे करण्याची आपल्यात कुवत आहे ते पुरेपूर करायचं असतं.

क्रमाबद्दलच्या प्रश्नात पर्यायातला 'पूर्णपणे' हा शब्द शोधावा. 'खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची गरज निर्माणच होत नाही' हे विधान मास्लोच्या नावावर खपवलं जातं, पण त्याच १९४३ च्या लेखात त्याने उलट लिहिलं आहे. समजावण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊन तो म्हणतो की सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, आपलेपणाच्या ५०, सन्मानाच्या ४० आणि आत्मपूर्तीच्या १०. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी थोड्याथोड्या भागलेल्या, थोड्याथोड्या उरलेल्या. आणि हो, पाठ्यपुस्तकात दिसणारा तो रंगीत त्रिकोण त्या लेखात नाही. तो नंतर इतरांनी काढला, आणि पट्ट्यांमधल्या ठळक रेघांमुळे क्रम मास्लोने सांगितला त्याहून जास्त ताठर वाटायला लागला.

हर्झबर्ग: नाराजी नाही, म्हणजे समाधान आहे का?

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली जे संशोधन प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवर उभं होतं. त्यांना विचारलं होतं की कामाबद्दल तुम्हाला विशेष चांगलं कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी वाटलं, ते प्रसंग सांगा. चांगल्या आठवणींत आणि वाईट आठवणींत एकाच गोष्टी उलटसुलट येतील असं कुणालाही वाटेल. पण चांगल्या आठवणींत यश, कामाची दखल, प्रत्यक्ष काम, जबाबदारी, प्रगती या गोष्टी पुन्हापुन्हा आल्या. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची देखरेख, कामाच्या ठिकाणची परिस्थिती, सहकाऱ्यांशी आणि साहेबांशी असलेले संबंध आल्या. पहिल्या यादीला त्याने प्रेरक घटक म्हटलं, दुसरीला हायजीन घटक. स्वच्छता रोग टाळते, पण धडधाकट माणसाला पहिलवान करत नाही, तसं.

यातून निघालेलं विधान सरळ आहे, तरी परीक्षेत सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. असमाधानाच्या विरुद्ध समाधान नाही. असमाधानाच्या विरुद्ध आहे 'असमाधान नसणं'. आणि समाधानाच्या विरुद्ध आहे 'समाधान नसणं'. हायजीन घटक पहिल्या पट्टीवर काम करतात, प्रेरक घटक दुसऱ्या. म्हणून 'पगार आणि सोयी सुधारल्या की कर्मचारी प्रेरित होतात' हा पर्याय हर्झबर्गच्या नावाखाली दिसला तर तो चुकीचा. प्रसंग हर्झबर्गचा आहे हे ओळखायची खूणही हीच: त्यात दोन परिणाम वेगवेगळे सांगितलेले असतात. तक्रारी, राजीनामे, गैरहजेरी यांचं एक होतं, आणि उत्साह, पुढाकार, कामाची गोडी यांचं दुसरंच.

हर्झबर्गच्या याद्या मास्लोच्या पायऱ्यांवर जशाच्या तशा ठेवता येतात असं समजू नये. ढोबळ मानाने खालच्या तीन पायऱ्या हायजीनकडे आणि वरच्या दोन प्रेरकांकडे जातात, हे खरं. पण सन्मानाची पायरी मधून दुभंगते. मोठं केबिन, वेगळी पार्किंगची जागा, दारावरची पाटी हे सगळं मास्लोच्या भाषेत सन्मान आहे. हर्झबर्गच्या यादीत ते दर्जा या नावाने हायजीन घटकांत आहे. कामगिरीची दखल मात्र प्रेरक घटकांत आहे, आणि मास्लोकडे तीही सन्मानच.

साहेबांच्या बाबतीतही असाच फरक करावा लागतो. 'आमचे साहेब समजूतदार आहेत, वागायला चांगले आहेत' हा वरिष्ठांशी असलेला संबंध आहे, म्हणून हायजीन. 'मी तयार केलेल्या अहवालातला अमुक मुद्दा साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन मांडला' ही दखल आहे, म्हणून प्रेरक. माणूस तोच, पण एका वाक्यात त्याचा स्वभाव आहे आणि दुसऱ्यात केलेलं काम. बढतीचंही तसंच. बढती ही प्रगती असल्यामुळे प्रेरक, पण बढतीबरोबर आलेली मोठी खुर्ची हायजीन. प्रसंगात नेमकं कशावर बोट ठेवलं आहे ते पाहावं.

कामाची रचना बदलण्याचे प्रश्न हर्झबर्गकडे येतात, आणि तिथे आणखी एक फसवी जोडी असते. अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला आता अर्ज तपासण्याबरोबर ते नोंदवण्याचं आणि फायलीत लावण्याचंही काम दिलं. काम वाढलं, पण त्याच पातळीवर आडवं पसरलं. हर्झबर्गला हे मान्य नव्हतं. आता त्याच कर्मचाऱ्याला ठरावीक प्रकारच्या अर्जांवर स्वतः निर्णय घ्यायचा अधिकार दिला, उत्तराचं पत्र वरिष्ठाच्या नव्हे तर त्याच्याच सहीने जाऊ लागलं, आणि तपासणी कमी केली. हे काम समृद्ध करणं, म्हणजे जबाबदारी उभी वाढवणं. १९६८ च्या आपल्या गाजलेल्या लेखात त्याने भागधारकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचा जो प्रयोग सांगितला आहे, त्यात स्वतःच्या नावाने पत्र पाठवू देणं हा एक बदल होता. प्रश्नात सही, निर्णय, तपासणी कमी करणं असे शब्द आले की हर्झबर्ग. 'आणखी दोन कामं' एवढंच असेल तर नाही.

व्रूम: साखळी कुठे तुटली?

व्हिक्टर व्रूमने १९६४ साली वेगळाच प्रश्न विचारला. माणसाला कशाची गरज आहे यापेक्षा, समोर पर्याय असताना तो जास्त मेहनत करायची की नाही हे कसं ठरवतो? त्याचं उत्तर तीन दुव्यांचं आहे. प्रयत्न केला तर काम जमेल का, ही एक्स्पेक्टन्सी. काम जमलं तर बक्षीस मिळेल का, ही इन्स्ट्रुमेंटॅलिटी. आणि ते बक्षीस मला हवं आहे का, हे व्हॅलन्स. तिन्हींचा गुणाकार होतो, त्यामुळे एकही दुवा शून्य झाला तर प्रेरणा शून्य. बाकीचे दोन कितीही बळकट असोत.

पहिले दोन दुवे वाचताना एकमेकांत मिसळतात, कारण मराठीत आपण दोन्हीकडे 'काही उपयोग नाही' असंच म्हणतो. त्यासाठी वाक्यातला 'काम झालं' हा टप्पा शोधावा. शंका त्याच्या आधीची असेल तर एक्स्पेक्टन्सी, नंतरची असेल तर इन्स्ट्रुमेंटॅलिटी.

एका विक्री विभागाचं उदाहरण घेऊ. तिमाहीचं लक्ष्य गाठणाऱ्याला बोनस आणि मोठ्या विभागाची जबाबदारी मिळेल असं जाहीर झालं. तिघांनी जास्तीची मेहनत घेतली नाही. एक नवी आहे, उत्पादनाची माहिती कच्ची आहे, आणि ती म्हणते, 'एवढी विक्री माझ्याच्याने होणार नाही.' दुसऱ्याने गेल्या वेळी लक्ष्य गाठलं होतं, पण पैसे शिल्लक नाहीत असं सांगून बोनस दिलाच नाही. तिसऱ्याला लक्ष्यही गाठता येतं, बोनस मिळेल हेही माहीत आहे, पण मोठा विभाग म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस प्रवास, आणि तो त्याला नको आहे. व्यवस्थापकाने तिघांना विक्रीचं प्रशिक्षण दिलं. कोणाच्या कामात फरक पडेल?

फक्त पहिलीच्या. तिची एक्स्पेक्टन्सी कमी होती आणि प्रशिक्षण तिथेच काम करतं. दुसऱ्याचं आकड्यांत पाहू. समजा त्याची एक्स्पेक्टन्सी ०.८, इन्स्ट्रुमेंटॅलिटी ०.१ आणि बोनसचं व्हॅलन्स ०.९.

०.८ × ०.१ × ०.९ = ०.०७२

प्रशिक्षणाने एक्स्पेक्टन्सी अगदी १ वर नेली तरी गुणाकार ०.०९ होतो, म्हणजे जवळपास आहे तिथेच. पण थकलेला बोनस देऊन टाकला, पुढच्याची लेखी हमी दिली आणि त्यामुळे इन्स्ट्रुमेंटॅलिटी ०.७ झाली, तर उत्तर ०.५०४ येतं. उपाय विचारणाऱ्या प्रश्नात हेच तपासायचं असतं: सगळ्यात कमकुवत दुवा कोणता आणि दिलेला उपाय त्याच दुव्याला धरतो का.

तिसऱ्याची गोष्ट जरा रंजक आहे. चांगल्या कामाचे परिणाम एकाहून जास्त असतील तर व्रूम प्रत्येकाचा वेगळा हिशेब करून बेरीज घेतो. बोनसचं व्हॅलन्स ०.५, प्रवासाचं उणे ०.९, आणि दोन्ही मिळण्याची खात्री ०.९ धरली, तर ०.४५ मधून ०.८१ गेले, उरले उणे ०.३६. एक्स्पेक्टन्सी ०.९ असेल तर गुणाकार उणे ०.३२४. आता प्रशिक्षणाने त्याची एक्स्पेक्टन्सी वाढवली तर आकडा आणखी उणे होईल. मेहनत केली तर लक्ष्य नक्की गाठलं जाईल हे जितकं पक्कं, तितका तो मेहनतीपासून लांब राहील. सगळ्यांना एकच प्रशिक्षण देण्याची आवड असलेल्या व्यवस्थापकांनी हा आकडा समोर ठेवायला हरकत नाही.

हे सगळे आकडे माणसाच्या मनातले आहेत, प्रत्यक्षातले नाहीत. कंपनी बोनस खरोखर देणार असेल आणि कर्मचाऱ्याला तसं वाटत नसेल, तर इन्स्ट्रुमेंटॅलिटी कमीच. 'कंपनीचं बक्षीस धोरण पारदर्शक आहे, तरीही' अशी सुरुवात असलेल्या प्रसंगात अनेकजण या 'तरीही'कडे दुर्लक्ष करून इन्स्ट्रुमेंटॅलिटी बाद करतात. उत्तर त्यापुढच्या वाक्यात, कर्मचाऱ्याला काय वाटतं त्यात असतं.

एक प्रश्न, तीन वेळा बदलून

आता पर्यायांसकट एक प्रश्न पूर्ण सोडवू. ग्राहकसेवा विभागात खुर्च्या बदलल्या, एसी दुरुस्त झाला, शिफ्टच्या वेळा सोयीच्या केल्या. सहा महिन्यांत राजीनामे निम्म्यावर आले, पण ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचा वेग आणि दर्जा बदलला नाही. याचं सर्वांत योग्य स्पष्टीकरण कोणतं?

(अ) शारीरिक गरजा भागल्या, त्यामुळे आता पुढच्या पायरीवरच्या गरजा पुढे येत आहेत.
(ब) हायजीन घटक सुधारल्यामुळे असमाधान कमी झालं, पण प्रेरक घटकांना हात लागला नाही.
(क) कर्मचाऱ्यांच्या लेखी सुधारणांचं व्हॅलन्स शून्य आहे.
(ड) समाधान वाढलं आहे, उत्पादकता यथावकाश वाढेल.

'अ' मोहात पाडतो, कारण खुर्ची आणि थंडावा या शरीराच्या गोष्टी. पण प्रसंगात पुढच्या गरजेचा कुठे मागमूसही नाही. कुणी काही नवीन मागितलेलं नाही, कुणाला कसली नवी उणीव जाणवलेली नाही. जे प्रसंगात लिहिलेलं नाही ते आपण मनाने भरायचं नसतं. 'क' दोन कारणांनी बाद होतो. सुधारणांना काहीच किंमत नसती तर राजीनामे घटले नसते. आणि त्याहून महत्त्वाचं, खुर्च्या सगळ्यांना मिळाल्या, कामगिरीवर अवलंबून नव्हत्या. कामगिरी आणि बक्षीस असा दुवाच नसेल तिथे जास्त मेहनतीचं कारण व्रूमच्या साखळीत शोधून मिळणार नाही. 'ड' वाचायला समजूतदार वाटतो, पण राजीनामे घटले म्हणजे समाधान वाढलं हे गृहीत धरतो, आणि हर्झबर्गने नेमकं तेच नाकारलं. राहिला 'ब', आणि प्रसंगातले दोन्ही निकाल, घटलेले राजीनामे आणि न बदललेला दर्जा, त्यात एकत्र बसतात.

आता शेवटचं वाक्य बदला: 'सुधारणांनंतर कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातून जागेच्या तक्रारी गेल्या. सगळे एकएकट्या कप्प्यात बसतात, कुणाची कुणाशी ओळख नाही, आम्हाला टीममध्ये काम करू द्या, अशी मागणी सुरू झाली.' खुर्च्या त्याच, पण आता 'अ' बरोबर. एक उणीव भरली आणि दुसरी बोलायला लागली.

पुन्हा बदला: 'नव्या खुर्च्या महिन्यात सर्वाधिक तक्रारी सोडवणाऱ्या पहिल्या दहा जणांनाच मिळतील. बहुतेकांना त्या हव्या आहेत, देताना पक्षपात होणार नाही हेही मान्य आहे, पण पहिल्या दहात आपण येऊच शकत नाही असं त्यांना वाटतं.' आता प्रसंग व्रूमचा, आणि कमी पडलेला दुवा एक्स्पेक्टन्सी. वरच्या चारही पर्यायांत हे उत्तर नाही. 'क' व्रूमचा आहे म्हणून तो निवडणारे पुष्कळ निघतील, पण खुर्च्या हव्या आहेत हे प्रसंगानेच सांगून व्हॅलन्स बाद केलं आहे. सिद्धांत ओळखला आणि घटक चुकला, तर गुण मिळत नाहीत.

प्रश्नच कच्चा असतो तेव्हा

काही प्रश्नांत दोष सोडवणाऱ्याचा नसतो. हर्झबर्गच्या मुलाखतींत पगार चांगल्या आणि वाईट, दोन्ही आठवणींत आला होता. एकूण कल पाहून त्याने तो हायजीनमध्ये ठेवला. त्यामुळे 'उत्तम कामगिरीबद्दल मिळालेली खास वेतनवाढ' हा घटक कोणता, असा प्रश्न आला तर वाद उभा राहतो. ती वाढ कामाची दखल म्हणून वाचली तर प्रेरक, पगार म्हणून वाचली तर हायजीन. पर्यायात 'पगार' एवढंच असेल तर हायजीन लिहावं. 'यशाबद्दल' किंवा 'कामगिरीची दखल म्हणून' असं लिहिलं असेल तर मी प्रेरक निवडेन.

या संशोधनावरचा मोठा आक्षेपही पर्यायांत येतो. चांगलं झालं ते माझ्यामुळे आणि वाईट झालं ते कंपनीमुळे, असं सांगण्याकडे माणसाचा कल असतो. तसं असेल तर दोन याद्या वेगळ्या निघणं हे कामाबद्दल कमी आणि आठवण सांगण्याच्या पद्धतीबद्दल जास्त सांगतं. हा आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द व्रूम होता. त्यामुळे 'व्रूमचा सिद्धांत हा हर्झबर्गच्या सिद्धांताचा विस्तार आहे' असं विधान दिसलं तर खुशाल चूक म्हणावं.

आणि शेवटी हा प्रसंग, जो मी वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे: 'एका कर्मचाऱ्याला बढती मिळाली. तो आनंदित झाला आणि अधिक मेहनतीने काम करू लागला. हे कोणत्या सिद्धांताचं उदाहरण आहे?' मास्लो म्हणेल सन्मानाची गरज. हर्झबर्ग म्हणेल प्रगती हा प्रेरक घटक. व्रूम म्हणेल एकदा काम केल्यावर बढती खरंच मिळाली, त्यामुळे पुढच्या वेळची इन्स्ट्रुमेंटॅलिटी वाढली. तिन्ही बसतात, कारण प्रसंगात निवाडा करणारं वाक्यच नाही. पर्यायांत 'वरील सर्व' असेल तर तेच उत्तर. नसेल तर पर्यायांकडे परत जाऊन पाहावं की कोणत्या पर्यायात प्रसंगातल्या शब्दांशी न जुळणारी एखादी गोष्ट आहे. 'बढतीमुळे त्याचं असमाधान दूर झालं' असं हर्झबर्गच्या पर्यायात लिहिलं असेल, तर आधी असमाधान होतं असं प्रसंगात कुठे म्हटलंय? तो कटला. 'खालच्या सर्व गरजा पूर्ण झाल्या असल्याने' असं मास्लोच्या पर्यायात असेल तर तोही कटला. मग उरतो तो निवडावा.